दोन गाईंचं कर्ज: हप्ता वेतावर कसा बसवायचा

कपाशीचा पैसा वर्षातून एकदोनदा हातात येतो, दुधाचा दर दहा दिवसांनी. म्हणून दुधावरचं कर्ज सोपं वाटतं आणि त्याचा हिशेबही पटकन होतो. गाय दिवसाला १३ लिटर देते, भाव ३२ रुपये, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. हप्ता अडीच हजार. मग अडचण कुठे?

अडचण अशी की गाय १३ लिटर दोनच महिने देते. नंतर दूध उतरत जातं, पुढे ती आटते आणि काही महिने भाकड राहून फक्त खाते. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने तोच असतो. दुधाची कर्जं थकतात ती बहुतेक याच भाकड महिन्यांत. त्यामुळे कर्ज किती घ्यायचं, किती मुदतीचं आणि हप्ता कसा मागायचा, हे एका महिन्याच्या नाही तर अख्ख्या वेताच्या हिशेबावर ठरवायला हवं, म्हणजे एका विण्यापासून पुढच्या विण्यापर्यंतच्या. तो हिशेब इथे एका उदाहरणावर पूर्ण करून दाखवतो.

उदाहरण असं धरा. आर्वी तालुक्यातलं एक घर आहे. चार एकर कपाशी-तूर, विहिरीला उन्हाळ्यातही थोडं पाणी आणि दहा गुंठे नेपियर गवत. तुरीचं कुटार आणि ज्वारीचा कडबा घरचाच. गावात दूध संकलन केंद्र आहे. अशा घराला दोन संकरित गाई घ्यायच्या आहेत. या भागाची स्वतःची गाय गवळाऊ. ती काटक आहे, तिचे गोऱ्हे शेतकामाला उत्तम, पण तिच्या दुधावर बँकेचा हप्ता निघत नाही. कर्ज काढून घ्यायची गाय म्हणजे जर्सी किंवा होल्स्टिन संकरित, नाहीतर म्हैस. म्हशीचा हिशेब याच पद्धतीने होतो, फक्त तिचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, गाईचा २८०, आणि दोन वेतांमधलं अंतरही म्हशीत जास्त पडतं.

बँकेत जाण्याआधी दूध केंद्रावर जा

पहिला कागद बँकेत मिळत नाही, केंद्रावर मिळतो. घरी आधीपासून एखादी गाय असेल तर मागच्या किमान तीन महिन्यांची बिलं काढा. नसेल तर तुमच्याच गावात तशीच गाय ठेवणाऱ्या शेजाऱ्याची बिलं मागा. दहा दिवसांच्या बिलावर तारीख, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, भाव आणि खाली कपात असते. लिटरचा आकडा सगळे बघतात. तुम्ही भावाचा आकडा बघा. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जाहीर होतो. त्याखाली दूध लागलं की प्रत्येक पॉइंटला भाव कापला जातो. केंद्राच्या भिंतीवर ३३ लिहिलेलं असलं तरी तुमच्या गावच्या गाईंना वर्षभर सरासरी ३१ पडत असतील, तर तुमचा भाव ३१.

तिथेच आणखी दोन गोष्टी विचारा. बिल बंद झाल्यावर पैसे खात्यात किती दिवसांनी पडतात? आणि बँकेचं पत्र आलं तर बिलातून हप्ता कापून थेट कर्जखात्यात भरण्याची सोय आहे का? मदर डेअरी २०१६ पासून विदर्भात दूध घेते आहे, शिवाय खासगी संकलनही वाढलं आहे, त्यामुळे पैसे रोखीऐवजी खात्यात येण्याची सवय बऱ्याच गावांना झाली आहे. कर्जासाठी हे मोठं काम करतं. खात्यावर दर दहा दिवसांनी पडणारी जमा हाच तुमच्या उत्पन्नाचा पुरावा असतो. गावातल्या हॉटेलला रोखीने दूध घालणाऱ्याला भाव कदाचित दोन रुपये जास्त मिळेल, पण बँकेपुढे ठेवायला त्याच्याकडे काही नसतं.

एका गाईचं अख्खं वेत कागदावर मांडा

आता वहीत एका गाईचं वेत लिहून काढा. आपल्या उदाहरणातली गाय व्यायल्यानंतर पहिल्या महिन्यात दिवसाला ११ लिटर देते, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात १३, चौथ्यात १२. तिथून दर महिन्याला लिटरभर कमी होत दहाव्या महिन्यात ६ लिटर, मग आटते. दहा महिन्यांची सरासरी १० लिटर, एकूण ३,००० लिटर. त्यानंतर चार महिने भाकड. म्हणजे वेत १४ महिन्यांचं. कागदावर १२ महिन्यांचं वेत छान दिसतं, पण उन्हाळ्यात माज नीट न दाखवणाऱ्या आपल्याकडच्या गाईंना ते क्वचित जमतं. कर्जाचा हिशेब १४ वरच करा.

खर्चात दोन भाग धरा. एक दुधाबरोबर वाढणारा: प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम खुराक. सरकी ढेप, तुरीची चुरी आणि मक्याचा भरडा मिळून ३० रुपये किलो पडतो असं धरलं, तर लिटरला १२ रुपये. दुसरा भाग गाय दूध देवो न देवो, रोज लागणारा: अंगासाठी एक किलो खुराक म्हणजे ३० रुपये, आणि विकतचा थोडा चारा, खनिज मिश्रण, औषध, रेतन, विमा मिळून रोजचे ३५. भाकड काळात पोटातल्या वासरासाठी खुराक दोन किलो होतो, म्हणून तेव्हा रोजचा खर्च ९५ रुपये. हे सगळे आकडे उदाहरणासाठी आहेत, त्यांच्या जागी तुमचे टाका. कुटार, कडबा आणि घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही. चारा पूर्ण विकत घ्यावा लागणार असेल तर हा हिशेब मांडण्याआधीच तोट्यात जातो. तसं असेल तर कर्जाच्या फंदात पडू नका, आधी दहा गुंठे गवत लावा.

३२ रुपये भावातून लिटरमागचा खुराक वजा जाता लिटरला २० रुपये उरतात. त्यातून रोजचे ६५ गेले. म्हणून १३ लिटरच्या दिवसांत रोज १९५ रुपये सुटतात आणि ६ लिटरच्या दिवसांत फक्त ५५. दूध अर्ध्याहून थोडं कमी झालं, पण सुटणारे पैसे चौथ्या हिश्श्याच्या जवळ आले. हप्ता फसतो तो इथे. दूध देणाऱ्या दहा महिन्यांत गाय ४०,५०० रुपये मिळवते, भाकड चार महिन्यांत ११,४०० खाते. १४ महिन्यांत उरले २९,१००, म्हणजे महिन्याला २,०७९. दोन गाईंचे साधारण ४,१५७.

यातून घरचं दूध वजा करायला लोक विसरतात. रोज एक लिटर चहाला आणि लेकरांना ठेवलं की महिन्याचे ९६० रुपये गेले. ते ठेवावंच, पण हिशेबात दिसू द्यावं. हप्त्यासाठी खरा आकडा मग ३,१९७ रुपये.

कर्ज किती पेलेल ते आता ठरवा

दोन गाई ६५,००० च्या भावाने १,३०,०००. वाहतूक, पहिला विमा आणि दावणीचं किरकोळ काम धरून १,४०,०००. बँक १,२०,००० द्यायला तयार आहे असं समजा. साडेदहा टक्के व्याज आणि पाच वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता २,५७९ येतो. सुटतात ३,१९७, म्हणजे कागदावर जमतं.

आता दोन वाईट गोष्टी घालून बघा. भाव तीन रुपयांनी उतरून २९ झाला तर हातात महिन्याला २,००० च्या आसपासच राहतात. हप्ता निघत नाही. भाव ३२ च राहिला, पण दोन्ही गाई महिनाभर जास्त भाकड राहिल्या, तर उरतात २,५४०. तरीही हप्ता निघत नाही, थोडक्यात हुकतो. दुधाचा भाव तीन रुपयांनी उतरणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, म्हणून हे कर्ज या घराला जास्तीचं आहे.

तेच कर्ज ८०,००० केलं तर हप्ता १,७२० होतो आणि वरच्या दोन्ही परीक्षा वेगवेगळ्या पार होतात. दोन्ही संकटं एकदम आली तर महिन्याला तीनेकशे रुपये कमी पडतात, ते बाजूला ठेवलेल्या पैशांतून भागवता येतात. उरलेले ६०,००० घरातून उभे करावे लागतील. ते नसतील तर आधी एकच गाय घ्या. मुदत सात वर्षं करून हप्ता लहान करून घ्यायचा मोह होतो, पण दुसऱ्या वेताची घेतलेली गाय सातव्या वर्षी म्हातारी झालेली असते आणि हप्ता तेवढाच राहतो. पाच वर्षांच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अनुदानाची योजना लागू होत असेल तर अर्ज जरूर करा, पण पैसा खात्यात पडेपर्यंत तो या हिशेबात धरू नका.

दोन गाई, दोन वेळा

दोन्ही गाई एकाच बाजारातून, एकाच गाडीत आणल्या तर भाडं वाचतं. पण मग त्या एकदमच आटतात. चार महिने दूध शून्य, दोघींचं खाणं महिन्याला ५,७०० आणि वर हप्ता. हे टाळायला दुसरी गाय साधारण सहा महिन्यांनी घ्यायची. दुग्धव्यवसायाच्या नाबार्डच्या नमुना प्रकल्पांतही जनावरं पाच-सहा महिन्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत घ्यायची असतात, त्यामुळे शाखेत ही मागणी नवी वाटायला नको.

पहिली गाय ऑगस्टमध्ये आणली, दुसरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पहिली भाकड होईल तेव्हा दुसरी ११ ते ८ लिटरवर असेल. त्या चार महिन्यांचा हिशेब असा लागतो: दुसरीच्या दुधातून दोघींचं खाणं आणि घरचा लिटर निघतो, जवळजवळ काहीच उरत नाही, उलट २४० रुपये कमी पडतात. चार हप्त्यांचे ६,८८० वेगळे लागतात. म्हणजे या चार महिन्यांसाठी सुमारे ७,१०० रुपये आधीच बाजूला हवेत.

ते येतात पहिल्या सहा महिन्यांतून. तेव्हा एकच गाय असते, ती भरात असते, आणि कर्जाचा एकच टप्पा उचललेला असल्यामुळे हप्ता ८६० च्या आसपास असतो. त्या काळात दर दहा दिवसांच्या बिलातून ४०० रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर १८ बिलांत ७,२०० होतात. हे पैसे घरात ठेवले की पेरणीला जातात. म्हणून वेगळं बचत खातं, शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर, आणि त्याचं एटीएम कार्ड घ्यायचंच नाही.

सहा महिन्यांच्या अंतरात एक अडचण आहे. फेब्रुवारीत आणलेली गाय एप्रिल-मेच्या उन्हात नेमकी भरात येते. आपल्याकडचा ४५ अंशांचा पारा होल्स्टिन रक्ताच्या गाईला झेपत नाही. ती धापा टाकते, चारा सोडते आणि दूध उतरतं. म्हणून दुसरी गाय शक्यतो जर्सी संकरित घ्या, ती आपल्याच किंवा शेजारच्या तालुक्यातली, इथला एक उन्हाळा काढलेली असावी. कोठ्याला उंच छप्पर, पश्चिमेला ओल्या पोत्यांचा पडदा, एक पंखा आणि दिवसभर समोर पाणी, ही तयारी गाय येण्याआधी करा. मार्च ते मे मध्ये बाहेरून गाय आणूच नका.

शाखेत काय मागायचं

दोन वेगळी कर्जं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली जातात. गाय घेण्यासाठी मुदत कर्ज असतं. ढेप, औषध, विमा या चालू खर्चासाठी पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड असतं. त्यात दोन लाखांपर्यंत व्याज सवलतीनंतर ७ टक्के आणि वेळेत भरलं तर ४ टक्के पडतं. कार्डाचा पैसा स्वस्त म्हणून त्यातूनच गाय घ्यायची, असा सल्ला गावात मिळतो. तो ऐकू नका. कार्डाचा पैसा वर्षात फिरवून भरायचा असतो आणि गाय एका वर्षात आपली किंमत फेडत नाही. कार्ड ढेपेसाठी वापरा, तिथे ते खरंच उपयोगी आहे. उधारीच्या ढेपेत दुकानदार जो भाव लावतो, त्यापेक्षा ४ टक्के कितीतरी बरे.

तारणाबद्दल हे माहीत असू द्या: १ जानेवारी २०२५ पासून शेती आणि शेतीपूरक कामांसाठी दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण किंवा स्वतःच्या हिश्श्याची अट घालू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. ही मर्यादा तुमची सगळी शेतीकर्जं मिळून आहे. पीककर्ज चालू असेल तर ते यात मोजलं जातं. आपण ६०,००० घरचे घालतो ते बँकेच्या अटीसाठी नाही, हप्ता हलका व्हावा म्हणून.

कागदपत्रं नेहमीचीच: सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, इतर बँका आणि सोसायटीचे नाहरकत दाखले, गाईचं दरपत्रक, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला. त्यांच्या वर दुधाची बिलं आणि वर केलेला वेताचा हिशेब, एका कोऱ्या कागदावर स्वच्छ हाताने लिहून लावा. शाखेतल्या अधिकाऱ्याशी बोलणं साधारण असं होतं:

"दोन गाई एकदम का घेत नाही? फाइल दोनदा काढावी लागते."

"साहेब, फाइल एकच ठेवा. मंजुरी ८०,००० ची द्या, उचल दोनदा द्या. दुसरी उचल फेब्रुवारीत. हा कागद बघा, एकदम घेतल्या तर हे चार महिने हप्ता कुठून भरू?"

कागद समोर असला की बोलणं कर्ज द्यायचं की नाही यावर न अडकता कसं द्यायचं यावर येतं. आता मंजुरीपत्रावर सही करण्याआधी त्यात चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा. उचल दोन टप्प्यांत आहे ना. दुसऱ्या टप्प्याचं व्याज दुसऱ्या उचलीपासूनच लागेल ना. पहिला हप्ता गाय आल्यानंतर किमान महिन्याभराने आहे ना. आणि हप्त्याची तारीख बिल खात्यात पडण्याच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांची आहे ना. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण हप्ता ५ तारखेला आणि बिल ७ ला, असं असेल तर दर महिन्याला दोन दिवस उशीर, त्याचा दंड आणि सिबिलवर डाग.

बिलातून कपात: ठरावीक की टक्क्याने

बँक, केंद्र आणि तुम्ही अशा तिघांच्या सहीचं पत्र करून हप्ता दुधाच्या बिलातूनच कापून घेता येतो. दोन प्रकारे कापता येतो. ठरावीक रक्कम म्हणजे दर बिलाला ६०० रुपये, महिन्याला १,८००. हे समजायला सोपं, पण भाकड महिन्यांतही ६०० च कापले जातात आणि ढेपेला पैसे उरत नाहीत. दुसरा प्रकार टक्क्यांचा. उदाहरणातल्या घराचं महिन्याचं बिल सरासरी पावणेतेरा हजार, त्याच्या साडेतेरा टक्के म्हणजे हप्ता. १५ टक्के कपात ठेवली तर भरात जास्त जातात, ओसरताना कमी. पहिली गाय भाकड असतानाच्या चार महिन्यांत अनुक्रमे १,४४०, १,२९६, १,१५२ आणि १,००८ रुपये कापले जातील.

टक्क्याची कपात जनावराच्या चालीशी जुळते, म्हणून मला तीच पसंत आहे. पण त्यात एक खाच आहे. बँकेच्या वेळापत्रकात हप्ता १,७२० च असेल, तर १,००८ भरलेल्या महिन्यात बाकी थकीत दिसू शकते, जरी आधी तुम्ही जास्त भरलं असलं तरी. म्हणून शाखेत हा प्रश्न नेमका विचारा आणि उत्तर लेखी घ्या: जास्त भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यात जमा धरणार, की फक्त मुद्दल कमी होऊन पुढचा हप्ता पुन्हा पूर्ण मागणार? दुसरं उत्तर आलं तर टक्क्याची कपात कर्जखात्यात न नेता तुमच्या बचत खात्यात न्या आणि तिथून महिन्याला १,७२० चा हप्ता जाऊ द्या. काही शाखा वेळापत्रकच कमी-जास्त हप्त्यांचं करून देतात. मिळालं तर उत्तम.

गाय घेताना हप्त्याच्या नजरेने बघा

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, व्यायला दोन ते चार आठवडे झालेली गाय घ्या. हेडी सांगेल ते दूध आणि बाजारातली फुगलेली कास यांवर भाव करू नका. दोन वेळचं दूध न काढता कास फुगवून आणणं नवीन नाही. मालकाच्या दारात जा. संध्याकाळी सगळं दूध समोर काढायला लावा, ते मोजू नका. पुढची तीन दुधं मोजा. चारही सडांची पहिली धार काळ्या कपड्यावर किंवा काळ्या वाटीत बघा. गुठळी किंवा पाणी दिसलं तर ती दगडीची खूण, आणि दगडी झालेली गाय हप्ता फेडत नाही. पशुवैद्यकाकडून रक्ताची ब्रुसेला तपासणी करून घ्या. हिशेबात भराचे १३ लिटर धरलेत, तर दारात ११ मिळायलाच हवेत. ९ मिळाले तर एकतर भाव खाली आणा, नाहीतर परत या.

कानात बारा अंकी बिल्ला असलेली गाय असावी, नसेल तर दवाखान्यातून मारून घ्या. विमा त्याच क्रमांकावर निघतो. बिल्ल्यासकट गाईचा फोटो आणि विम्याचा कागद बँकेच्या फाइलला लावा. बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात नवीन मारून विमा कंपनीला कळवा. गाय दगावली तर आधी कंपनी आणि बँकेला कळवायचं, शवविच्छेदन होईपर्यंत पुरायचं नाही आणि बिल्ला जपून ठेवायचा. बिल्ल्याशिवाय दावा उभा राहत नाही. विमा सुरू झाल्यावरही पहिले काही दिवस, बहुतेक पंधरा, आजाराने झालेला मृत्यू त्यात बसत नाही. म्हणून लाळ-खुरकूत, घटसर्प आणि लम्पीच्या लसी झालेलं जनावरच दारात आणा.

यंत्रांबद्दल थोडक्यात. याच कर्जात दूध काढायचं यंत्रही घ्या, असं विक्रेते सांगतात. दोन गाईंना ते नको. कडबाकुट्टी मात्र घ्यावी. अख्खा कडबा टाकला की गाय पानं खाते, धांडे तुडवते. कुट्टी केली की तोच चारा जास्त दिवस पुरतो आणि विकतचा चारा कमी होतो. शेतमोटरवर चालणारी छोटी पुरे.

भिंतीवरचं कॅलेंडर

कर्ज थकणार की नाही, याची सगळ्यात आधी चाहूल दुधाच्या बिलात लागत नाही, माजाच्या नोंदीत लागते. गाय व्यायल्यापासून १४५ दिवसांच्या आत गाभण राहिली, तरच ती १४ महिन्यांनी पुन्हा विते, कारण पुढचे २८० दिवस गाभणपणाचे. विण्याची तारीख कॅलेंडरवर लाल करा. साधारण साठाव्या दिवसापासून पहाटे आणि रात्री माज बघा. सोट, हंबरणं, दुसऱ्या गाईवर चढणं, अचानक दूध कमी होणं, यातलं काही दिसलं की तारीख लिहा आणि कृत्रिम रेतन करून घ्या. २१ दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवा. रेतनानंतर तिसऱ्या महिन्यात पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी करून घ्याच. "राहिली असेल" म्हणून सोडलेली गाय बऱ्याचदा रिकामी निघते आणि ते आटल्यावर कळतं. एक माज हुकला की पुढचा २१ दिवसांनी, म्हणजे भाकड काळ तेवढा वाढला. नुसत्या खाण्याचे दोन हजार रुपये, साधारण सव्वा हप्ता.

१४५ वा दिवस उलटला आणि गाय अजून गाभण नाही, हे कळेल तेव्हा ती सात-आठ लिटर का होईना दूध देत असते. शाखेत जायची वेळ तीच. दुधासाठी घेतलेल्या मुदत कर्जाला पीककर्जासारखी हंगामाची सवलत नसते, थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं अनुत्पादक होतं. त्यानंतर शाखेच्या हातात फारसं काही राहत नाही. आधी गेलात तर हप्ता काही महिने लहान करून मागता येतो, आणि तुमच्या हातात माजाच्या नोंदी, रेतनाच्या पावत्या आणि दुधाची बिलं असतात. अर्ज लेखी द्या, त्यात गाय पुन्हा कधी विणार ते महिन्यासकट लिहा, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.